एकवीस दिवस तोच प्रश्न? त्यापेक्षा एकवीस वेळा गॅस बघून या

"प्रेमाचा प्रश्न टॅरो कार्डांना सलग २१ दिवस रोज विचारा. जे कार्ड पुन्हा येतं तेच ब्रह्मांडाचं खरं उत्तर. उत्तर स्पष्ट नसेल तर स्पष्ट होईपर्यंत आणखी कार्ड काढा. ऊर्जा रोज बदलते म्हणून रोज विचारणं गरजेचं आहे. मनातली भीती जाईपर्यंत विचारत राहा. टॅरोच्या हजारो वर्षांच्या परंपरेत हेच सांगितलंय."

हे माझ्या फोनवर तीन ग्रुपांतून आलं तेव्हा मी काही बोलले नाही. चौथ्यांदा ते पारोळ्याच्या मामेबहिणीच्या वहीत, लाल पेनाने, चौकट करून लिहिलेलं दिसलं. कुरडयांचा चीक घोटायला म्हणून ती आमच्याकडे जळगावला आली होती. गच्चीवर पोरी कुरडया पाडत होत्या आणि ही खाली पंख्याखाली कार्ड पिसत बसलेली. ते कार्डांचं खूळ तिला माझ्यामुळेच लागलं. सहा-सात वर्षं मी कार्ड वाचते, पहिला डेक मीच तिला दिला. म्हणून हे लिहायची जबाबदारीही माझीच.

आधी दोन मुद्दे पटकन उरकते.

हजारो वर्षांची परंपरा वगैरे काही नाही. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ही कार्डं खेळायला निघाली, आपल्याकडच्या गंजिफासारखी. भविष्य सांगायला त्यांच्या वापराने जोर धरला तो अठराव्या शतकाच्या शेवटी, फ्रान्समध्ये. बहिणीच्या हातातला डेक ज्याची नक्कल आहे तो १९०९ चा, चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंची. खरोखर जुनं काही हवं असेल तर चीनच्या 'यी चिंग' या कौल सांगणाऱ्या ग्रंथातलं चौथं प्रकरण बघा. तिथे तो ग्रंथच बजावतो की पहिल्यांदा विचारलंस तर सांगेन, दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा विचारणं म्हणजे पिच्छा पुरवणं, आणि पिच्छा पुरवणाऱ्याला मी सांगत नाही. एवढ्या लांब तरी कशाला जायचं? शेजारच्या बुलढाण्यात भेंडवळची घटमांडणी आपल्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशीच होते. संध्याकाळी घट मांडतात, पहाटे भाकीत सांगतात, आणि पाऊस कमी सांगितला म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी पुन्हा घट मांडत नाही.

ऊर्जा रोज बदलते हेही तसंच. बदलत असेल, तर एकवीस दिवसांच्या उत्तरांची बेरीज कशाला करता? आणि बदलत नसेल तर पहिल्या दिवशीचं उत्तर पुरे. एकाच मेसेजमध्ये दोन्ही कसं चालेल?

आता पुन्हा येणाऱ्या कार्डाबद्दल. हे ऐकून भलेभले गार होतात, मीही झाले होते. डेकमध्ये ७८ कार्डं असतात. रोज नीट पिसून एकच कार्ड काढलं, तर अकराव्या दिवसापर्यंत कुठलंतरी कार्ड दुसऱ्यांदा येण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते. एकवीस दिवस पूर्ण केले तर शंभरातल्या पंच्याण्णव जणींच्या वहीत किमान एक कार्ड पुन्हा आलेलं असणार. पत्ते खेळणाऱ्या माणसाला हा हिशेब कळतो, पण प्रेमात अडकलेल्या माणसाला तो कौल वाटतो. बहीण तर रोज तीन कार्डं काढत होती. तिच्या बाबतीत चौथ्या दिवसापर्यंतच निम्मी शक्यता झालेली आणि आठवड्याभरात शंभरात त्र्याण्णव. म्हणजे ब्रह्मांड काही बोललं नसतं तरी कार्ड परत आलंच असतं. एवढं मात्र मान्य करते, नाइलाजाने का होईना, की परत आलेल्या कार्डाकडे बघून आपल्याला काय वाटलं ते टिपण्यासारखं असतं. ते आपलं स्वतःचं वाटणं असतं, समोरच्याचा निरोप नव्हे.

"स्पष्ट होईपर्यंत आणखी काढा" याचा मला सगळ्यात राग आहे. वाचणारे याला क्लॅरिफायर म्हणतात. एखाद्या कार्डाचा अर्थ अडला तर एक जादा कार्ड काढणं ठीक, मीही काढते. पण वहीतला सहावा दिवस बघा. प्रश्न "तो परत बोलेल का?" आणि पहिल्या तिनांत थ्री ऑफ स्वोर्ड्स आलं, पावसात लटकलेलं हृदय आणि त्यात तीन तलवारी. मग तिने आणखी तीन काढली. तरी मनासारखं नाही, म्हणून आणखी तीन. नवव्या जागी द सन आलं. वहीत सूर्याभोवती गोल, शेजारी "हो!!" आणि तलवारींवर काट.

त्याचाही हिशेब तिला मांडून दाखवला. समज, ७८ पैकी बारा कार्डं तू मनातल्या मनात 'हो' म्हणून धरतेस, लव्हर्स, टू ऑफ कप्स, सन, स्टार वगैरे. तीन कार्डांत त्यातलं एक तरी येण्याची शक्यता शंभरात चाळीस. सहा कार्डं काढलीस तर पासष्ट. नऊ काढलीस तर ऐंशीच्या आसपास. म्हणजे हवं ते दिसेपर्यंत काढत राहिलं की पाचातले चार दिवस 'हो' येतंच. ती म्हणाली, "ताई, तू गणित घालून सगळं खराब करतेस." करतेच.

आता भीती जाईपर्यंत विचारत राहा, हा सगळ्यात घातक सल्ला. नेदरलँड्सचे दोन मानसशास्त्रज्ञ, मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंट, यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर गॅसची शेगडी. लोकांनी बर्नर चालू करायचे, बंद करायचे आणि बंद झाले का ते तपासायचं. काहींनी गॅसच पुन्हा पुन्हा तपासला, काहींनी मध्ये दिवे तपासले. शेवटी सगळ्यांना विचारलं, आत्ता कुठले बर्नर तपासलेत? आठवण दोघांचीही सारखीच बरोबर निघाली. पण गॅस पुन्हा पुन्हा तपासणाऱ्यांना ती आठवण धूसर वाटत होती, तिच्यावर भरवसा उरला नव्हता. तपासल्याने खात्री वाढायच्या ऐवजी घटली.

तो प्रयोग शेगडीचा होता, कार्डांचा नाही. पुढची उडी माझी आहे. पण वही उघडली की तेच दिसतं. पहिल्या दिवशी फोर ऑफ कप्स, टू ऑफ स्वोर्ड्स आणि पेज ऑफ कप्स. झाडाखाली हात बांधून बसलेला पोरगा, समोर आलेला पेला बघत नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून दोन तलवारी पेलत बसलेली बाई. आणि पेल्यातल्या माशाशी बोलणारा मुलगा. बहिणीने त्याखाली लिहिलं होतं, "त्याचं ठरत नाहीये. माझंही नाही. डोळ्यांवरची पट्टी मीच काढायची. रविवारी फोन करून सरळ विचारायचं." यापेक्षा चांगलं वाचन मी केलं नसतं. स्थळ म्हणून बघितलेला मुलगा, चार महिने रोज बोलणं, मग अचानक गप्प. घरचे अजून 'बघू' म्हणताहेत. विचारायला हवंच होतं.

दुसऱ्या दिवशीची ओळ आहे, "फोनआधी एकदा कन्फर्म करू." तिथे गाडी घसरली. रविवार गेला, फोन राहिला. पहिल्या वाचनाने तिला तीन दिवस झोप लागली होती, हे तिनेच सांगितलं. नवव्या दिवशी कार्डं काढल्यावर बरं वाटणं दोन तास टिकलं. बाराव्या दिवशी चार वेळा काढली, शेवटची रात्री एक चाळीसला. आणि प्रश्न बघा कसा सरकला. "तो परत बोलेल का?" मग "त्याला माझी आठवण येते का?" मग "तो आत्ता कोणाशी बोलतोय?" शब्द वेगळे, खाज तीच. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर तिला काही करता येत होतं. शेवटच्यावर फक्त आणखी कार्डं काढता येतात. पंधराव्या दिवशी मी विचारलं, पहिल्या दिवशी काय आलं होतं गं? तिने कार्डं बरोब्बर सांगितली, आणि लगेच म्हणाली, "पण ते नीट पिसलं होतं की नाही, कोण जाणे." शेगडी बंद आहे हे आठवतंय, पण भरवसा नाही.

मग किती वेळा विचारायचं? मी माझ्यापुरतं ठरवलेलं सांगते. प्रश्न एकदा, तारीख घालून, जसाच्या तसा लिहायचा. खाली एक ओळ, यावर मी काय करणार. ती गोष्ट होईपर्यंत तोच प्रश्न परत नाही. त्याचा मेसेज आला, भेट झाली, घरच्यांनी काही ठरवलं, म्हणजे बाहेर खरोखर काहीतरी हललं, की पुन्हा विचारायला हरकत नाही. काहीच हललं नाही तर निदान महिना जाऊ द्यायचा, आणि तेव्हाही आधी जुनं पान वाचायचं. बऱ्याचदा ते वाचूनच काम होतं. रोज कार्ड काढायची हौस असेल तर काढा, शिकायला उत्तमच, पण "आज कशाकडे लक्ष देऊ?" असा मोकळा प्रश्न ठेवा. महिना हा आकडा कुठल्या ग्रंथातला नाही. कमी ठेवला तेव्हा मी स्वतः घसरले, म्हणून महिना.

सवय लागलीय का, हे ओळखायला मी एकच गोष्ट बघते. कार्ड काढल्यावर मिळणारा दिलासा मागच्या वेळेपेक्षा कमी टिकतोय का? टिकत असेल कमी, तर डेक बांधून ठेवायचा. दोन दिवसही न विचारता राहवत नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर ते कार्डांच्या हातातलं राहिलं नाही. समुपदेशकाशी बोला. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ वर फुकट मिळते. त्या मेसेजच्या शेवटी मात्र "पर्सनल रीडिंग, प्रश्नाला ९९ रुपये" असं होतं. एकवीस दिवस का सांगितले, ते तुम्हीच बघा.

विश्वासाचं म्हणाल तर पहिल्या दिवशीच्या वाचनावर विश्वास ठेवला असता, तर दुसरा दिवस उगवलाच नसता.

परत जाताना बहिणीने डेक ओढणीत गुंडाळून माझ्याकडे दिला. "आखाजीपर्यंत ठेव." बस एरंडोलला पोचायच्या आत तिचा मेसेज आला.

"ताई, फोन केला. त्याने उचलला नाही. आता तू एकच कार्ड काढशील का?"

मी लिहिलं, "नाही. उद्या परत फोन कर."