मराठी ऑडिओ आहे हो, पण त्याचं बटण मुकं आहे

ठाणे-वाशी लोकलमध्ये रोज शेकडो माणसं कानात इअरफोन घालून मालिका बघतात. त्यांत अंध प्रवासीही असतात आणि तेही बघतातच. ऐरोली ते वाशी एवढ्या वेळात अर्धा भाग सहज होतो. अडतं ते एकाच ठिकाणी. मालिका हिंदीत सुरू झाली, मराठीत हवी आहे, आणि पडद्यावरचं बोलून दाखवणारा फोनमधला टॉकबॅक खालच्या ओळीतल्या प्रत्येक चिन्हावर नुसतं "बटण" म्हणतो. एक बटण, दुसरं बटण, तिसरं बटण. भाषेचं कुठलं?

जाहिरातीत "सात भाषांत पाहा" असं मोठ्या अक्षरांत लिहायचं आणि भाषा बदलायच्या चिन्हाला नावच द्यायचं नाही, याला निष्काळजीपणा म्हणतात. तरी ॲप सुधारेपर्यंत काय करायचं, ते आधी सांगतो. पुढचं सगळं अँड्रॉइडबद्दल आहे, आयफोनचं मध्ये थोडक्यात येईल.

पहिलं काम म्हणजे व्हिडिओ थांबवणं. दोन बोटांनी दोनदा टॅप केलं की टॉकबॅकमध्ये चालू व्हिडिओ थांबतो. ते चाललं नाही तर इअरफोनचं बटण दाबा. किरकोळ पायरी वाटते, पण अर्धी लढाई इथेच जिंकली जाते. व्हिडिओ चालू असताना बटणांची ओळ काही सेकंदांत आपोआप लपते. अँड्रॉइडवर बरीच ॲप्स गूगलचा तयार प्लेअर वापरतात आणि त्यात ही मुदत मुळात 5 सेकंदांची असते. पाच सेकंदांत स्वाइप करत चौथ्या बटणापर्यंत कोण पोचणार? तोच प्लेअर थांबवलेला असला की ओळ लपवत नाही. शिवाय फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये Time to take action नावाची सोय आहे. ती 30 सेकंद किंवा 1 मिनिटावर ठेवून बघा. काही ॲप्स तिचा मान राखतात, काही ढुंकूनही बघत नाहीत.

आता बटण शोधायचं. समजा, खालच्या ओळीत पाच मुकी बटणं आहेत: लॉक, वेग, भागांची यादी, ऑडिओ-सबटायटल आणि पुढचा भाग. प्रत्येकावर दोनदा टॅप करून काय होतं ते ऐका. उघडलेल्या यादीत 0.5, 1, 1.5 असे आकडे ऐकू आले तर ते वेगाचं बटण. भाषांची नावं आली तर तुमचं बटण सापडलं. चुकीची यादी उघडली तर खाली आणि मग डावीकडे एकाच झटक्यात स्वाइप करा, मागे येता. यात धोका दोनच बटणांचा. "पुढचा भाग" दाबला गेला तर शीर्षक बदलतं, म्हणजे निदान कळतं तरी. लॉक दाबलं गेलं तर सगळी बटणं नाहीशी होतात आणि कितीही स्वाइप केलं तरी एकच वस्तू सापडते. तीच लॉक उघडते, पण काही ॲप्समध्ये दाबून धरावी लागते. टॉकबॅकमध्ये दाबून धरायचं म्हणजे दोनदा टॅप करून दुसऱ्या वेळी बोट उचलायचं नाही.

"डावीकडून चौथं" असं पाठ करू नका, ही माझी कळकळीची विनंती. मालिकेत चौथं असलेलं बटण सिनेमात तिसरं होतं, कारण सिनेमाला भागांची यादी नसते. त्यापेक्षा बटणाला स्वतःच नाव द्या. बटणावर फोकस ठेवून तीन बोटांनी एकदा टॅप करा, टॉकबॅकचा मेनू उघडेल. त्यात Add label निवडा, "भाषा" असं लिहा आणि ओके करा. यापुढे टॉकबॅक "भाषा, बटण" म्हणेल. हे नाव बटणाच्या जागेला चिकटत नाही, ॲपच्या आतल्या त्याच्या आयडीला चिकटतं. म्हणून ओळीत ते पुढेमागे सरकलं तरी नाव त्याच्याबरोबर जातं. आयफोनवर टॉकबॅकचंच काम करणारा व्हॉइसओव्हर चालू असताना दोन बोटांनी दोनदा टॅप करून दुसऱ्या टॅपला बोटं धरून ठेवली की नाव लिहायची खिडकी येते.

याला मर्यादा आहेत. बटणाला आतून आयडीच दिलेला नसेल तर टॉकबॅकला नाव टांगायला खुंटी मिळत नाही आणि तो पर्याय चालत नाही. ॲपच्या अपडेटमध्ये आयडी बदलला तर तुम्ही दिलेलं नाव गळून पडतं. कालपर्यंत बोलणारं बटण आज मुकं झालं, तर फोन बिघडला असं समजू नका. हे सगळं घरी निवांतपणे करा, तुर्भ्याला दारात लटकून नव्हे.

यादी उघडली म्हणजे जिंकलो, असंही नाही. डोळ्यांना ऑडिओ आणि सबटायटल असे दोन रकाने दिसतात. स्वाइप करताना मात्र ते एकामागून एक येतात, त्यामुळे "मराठी" दोनदा ऐकू येऊ शकतं. पहिलं आवाजाचं, दुसरं सबटायटलचं. सीमा ओळखायची खूण म्हणजे "बंद" किंवा Off. तो पर्याय सहसा सबटायटलच्या यादीच्या तोंडाशी असतो, तेव्हा त्याच्या आधीचं "मराठी" धरा. इंग्रजीसारख्या एखाद्या भाषेपुढे Audio Description लिहिलेलं असेल तर तो दृश्यांचं वर्णन करणारा वेगळा ट्रॅक आहे. अंध प्रेक्षकांसाठीच तो केलेला असतो आणि तोच मुक्या बटणाआड दडलेला असतो!

स्वाइप केल्यावर फोकसचा बारीक आवाज आला पण शब्द आला नाही, तर तिथला दोष वेगळा आहे. भाषांची नावं त्या त्या लिपीत लिहिलेली असतात आणि टॉकबॅकला इंग्रजी आवाज लावलेला असेल तर तो "मराठी" हा देवनागरी शब्द गिळून टाकू शकतो. फोनच्या टेक्स्ट-टू-स्पीच सेटिंगमधून मराठी आवाज उतरवून घ्या. तो "हिन्दी"ही वाचेल, लिपी एकच आहे ना. तमिळ, तेलुगू मात्र बहुधा गप्पच राहतील.

मराठी निवडल्यावर "निवडलं" असं बरीच ॲप्स बोलत नाहीत, नुसती बरोबरची खूण रंगवतात. पडताळा एकच: व्हिडिओ चालू करा आणि ऐका. ऑडिओ वेगळ्या तुकड्यांत येतो. नवे तुकडे उतरेपर्यंत थोडा वेळ थांबावं लागतं किंवा जुनीच भाषा ऐकू येते. लगेच परत जाऊन दुसरं काही दाबू नका. डाउनलोड केलेल्या भागात मराठी सापडलंच नाही, तर डाउनलोडच्या वेळी निवडलेला ऑडिओ तेवढाच फोनवर उतरला असण्याची शक्यता मोठी आहे. आधी भाषा बदला, मग डाउनलोड करा.

ॲप बनवणाऱ्यांसाठी काम किती, तर प्रत्येक बटणाला एक ओळ:

```
android:contentDescription="@string/audio_subtitles"
```

आणि मराठी शब्द `values-mr` फोल्डरमधल्या `strings.xml` मध्ये. सात भाषांत डबिंग करणाऱ्याला एवढं जड जाऊ नये. दिव्यांग हक्क कायदा, 2016 च्या कलम 42 मध्ये माहिती-तंत्रज्ञान सुगम करण्याची तरतूद आहे, तेव्हा हे कुणाच्या मेहरबानीवर सोडायची गरज नाही.

तक्रार करताना "ॲप चालत नाही" असं लिहू नका, उत्तर म्हणून "कॅशे क्लियर करा" एवढंच येईल. फोनचं मॉडेल, अँड्रॉइड, टॉकबॅक आणि ॲपची आवृत्ती लिहा. मग असं: "मालिकेचा व्हिडिओ थांबवल्यावर खालच्या ओळीतलं चौथं बटण, टॉकबॅक नुसतं 'बटण' म्हणतो, दाबल्यावर ऑडिओ-सबटायटलची यादी उघडते, त्याला तेच नाव हवं." सोबत टॉकबॅकच्या आवाजासकट वीस सेकंदांचं स्क्रीन रेकॉर्डिंग जोडा. पाठवण्याआधी ते एकदा ऐकून घ्या. फोनचा आवाज न घेता फक्त चित्र रेकॉर्ड झालं असेल, तर समोरच्याला त्यात काहीच चुकलेलं दिसणार नाही.