खातं चालू म्हणजे माणूस हयात?

“पेन्शनर मंडळींनो, आधार आहे, केवायसी झालंय, खातं चालू आहे, तरी दरवर्षी जिवंत असल्याचा पुरावा कशाला? नोव्हेंबरात म्हाताऱ्यांना बँकेच्या रांगेत उभं करायचं, बोटं उमटली नाहीत की पेन्शन कायमची बंद! पुढे पाठवा.”

सोलापुरातल्या तीन ग्रुपांवर हे फिरून माझ्याकडे आलं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून विडी घरकुल वसाहतीतल्या ओळखीच्या लोकांचे पेन्शनचे कागद मी बघतो, म्हणून उत्तर देतो.

आधी खात्याचं. खातं चालू आहे याचा अर्थ एवढाच, की कुणीतरी पैसे काढतंय. वडिलांचं एटीएम कार्ड मुलाकडे आणि पिन चिठ्ठीवर, अशी घरं मी बँकेत रोज बघत होतो. केवायसी सांगते की माणूस कोण आहे. तो आज आहे का, हे सांगत नाही. मृत्यूची नोंद महापालिकेत होते, ती पेन्शन देणाऱ्यापर्यंत आपोआप पोहोचेलच असं नाही. मग मृत्यूनंतरही जमा होत राहिलेली रक्कम पुढे वसूल होते, आणि बऱ्याचदा ती बायकोच्या कुटुंब पेन्शनमधूनच कापली जाते. त्यावेळी कुटुंबच अडचणीत येतं.

हयातीचा दाखला नोव्हेंबरातच द्यायचा, हे सगळ्यांना लागू नाही. राज्य सरकारच्या पेन्शनरांची यादी कोषागाराकडून बँकेत येते आणि नोव्हेंबरात तिथे आपल्या नावासमोर सही करायची असते. केंद्राच्या आणि रेल्वेच्या पेन्शनरांनाही नोव्हेंबरच, पण 80 वर्षांपुढच्यांना 1 ऑक्टोबरपासून देता येतो. भविष्यनिर्वाह निधीच्या ईपीएस-95 पेन्शनला मात्र ठरलेला महिना नाही. ज्या दिवशी दाखला दिला, तिथून 12 महिने तो चालतो. जूनमध्ये दिलेला माणूस पुढच्या वर्षी ‘नोव्हेंबरात बघू’ म्हणत थांबला, तर मध्येच पेन्शन अडकते.

आमच्या गल्लीतल्या एका मावशींचं असंच झालं, फक्त उलट्या बाजूने. त्यांना स्वतःची विडी कारखान्याची ईपीएस पेन्शन आहे आणि गेलेल्या नवऱ्याची रेल्वेची कुटुंब पेन्शन. जूनमध्ये त्यांनी एक दाखला दिला, मोबाईलवर मेसेज आला, त्या निर्धास्त झाल्या. डिसेंबरची रेल्वेची रक्कम आलीच नाही. आधार एकच, चेहरा एकच, पण दाखला जोडला जातो तो पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाच्या, क्रमांकाला. पीपीओ दोन असतील तर दाखले दोन. त्यांचा दुसरा राहिला होता.

तो काढायला बसलो तर बोटांनी दगा दिला. चाळीस वर्षं तेंदूपत्ता वळून वळून रेषा घासल्या होत्या, मशीन तीनदा ‘जुळत नाही’ म्हणालं. इथेच लोक घाबरतात. 2021 पासून चेहऱ्यानेही ओळख पटवता येते. साध्या अँड्रॉइड फोनवर Jeevan Pramaan आणि AadhaarFaceRD ही दोन ॲप घ्यायची. आधार, मोबाईल, पीपीओ आणि खाते क्रमांक भरायचे, पेन्शनचा प्रकार, ती मंजूर करणारा विभाग आणि ती देणारी बँक किंवा कार्यालय निवडायचं. मावशींना खिडकीकडे तोंड करून बसवलं, चष्मा काढायला लावला, डोळे मिचकवायला सांगितले. त्या हसत सुटल्या, म्हणून दोनदा करावं लागलं. हेच काम महा ई-सेवा केंद्रासारख्या ठिकाणीही होतं, आणि अंथरुणावरच्या माणसासाठी पोस्टमन घरी येतो. बँकेत कागदी फॉर्म भरून देणंही बंद झालेलं नाही. पुनर्विवाह केलेल्यांना किंवा पुन्हा नोकरीला लागलेल्यांना तर तोच मार्ग आहे.

एक फसगत नेहमी होते. प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या क्रमांकाचा, मेसेज आला म्हणजे दाखला तयार झाला. पेन्शन देणाऱ्याने तो स्वीकारला असं नाही. ॲपमधल्या यादीत चुकीची बँक किंवा ‘कुटुंब पेन्शन’ऐवजी स्वतःची ‘सेवा पेन्शन’ निवडली गेली, तर तो नाकारला जातो. म्हणून आठ-दहा दिवसांनी बँकेत किंवा संबंधित कार्यालयात विचारून घ्यायचं. आणि फोनवर कुणी ‘तुमचा दाखला आम्ही करतो, ओटीपी सांगा’ म्हणालं, तर फोन ठेवून द्यायचा. ओटीपी लागतो, पण तो आपण स्वतः ॲपमध्ये टाकायचा.

राहिलं ‘कायमची बंद’. दाखला नसला की पेन्शन थांबते, रद्द होत नाही. मावशींनी जानेवारीत दाखला दिला आणि अडकलेली रक्कम थकबाकीसह खात्यावर आली. आता त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात जूनच्या पानावर ‘विडी’ आणि नोव्हेंबरच्या पानावर ‘रेल्वे’ असं नातवाने लाल पेनाने लिहून ठेवलंय.