आधी प्रवेश, मग स्कॉलरशिप? हा क्रम मुलांचे वर्ष वाया घालवतो

«परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांच्या पालकांनो, लक्षात ठेवा. विद्यापीठाची स्कॉलरशिप ॲडमिशन झाल्याशिवाय मागताच येत नाही. आधी ऑफर लेटर हातात घ्या, मग निवांत अर्ज करा. अर्जच न आल्याने दरवर्षी कोट्यवधी रुपये परत जातात. शंभर टक्के स्कॉलरशिप मिळाली की घरून एक रुपयाही लागत नाही. कन्सल्टन्सीमार्फत गेलात तर वेगळा कोटा असतो.»

हा निरोप सोलापुरातील पालकांच्या निदान तीन गटांत मी पाहिला होता आणि तो कोणाच्या घरात शिरून काही बिघडवेल असे तेव्हा वाटले नव्हते. मात्र गेल्या आठवड्यात माझ्या मेव्हण्यांनी तोच निरोप मला पाठवला आणि खाली लिहिले, «म्हणजे आता घाई नाही, दिवाळीनंतर बघू.» भाची संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढच्या ऑगस्टमध्ये स्वीडनला एम.एस.साठी जाण्याची तिची इच्छा आहे आणि आता ऑक्टोबर सुरू झाला आहे. त्यांचे टॉवेलचे यंत्रमाग आहेत. माणूस हिशेबाला पक्का, पण शिक्षणाच्या बाबतीत जे छापील वाटते त्यावर विश्वास ठेवणारा. म्हणून हे उत्तर सविस्तर लिहीत आहे.

सर्वाधिक नुकसान क्रमाबद्दलच्या वाक्याने होते, म्हणून त्यावरच अधिक थांबतो. भाचीच्या यादीत पहिले नाव लुंड विद्यापीठाचे आहे, तेव्हा त्याचेच वेळापत्रक पाहू. स्वीडनमधील पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे अर्ज universityadmissions.se या एकाच सामाईक संकेतस्थळावर भरले जातात. ऑगस्टच्या अखेरीस सुरू होणाऱ्या सत्रासाठी ही खिडकी आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या मध्याला उघडते आणि जानेवारीच्या मध्याला बंद होते. त्यानंतर फेब्रुवारीच्या पहिल्या दिवसांपर्यंत ९०० स्वीडिश क्रोनांचे अर्जशुल्क भरावे लागते आणि कागदपत्रे चढवावी लागतात. शुल्क पोहोचले नाही तर अर्ज तपासलाच जात नाही. विद्यापीठाच्या स्वतःच्या शिष्यवृत्तीचा, म्हणजे लुंड युनिव्हर्सिटी ग्लोबल स्कॉलरशिपचा, वेगळा अर्ज फेब्रुवारीतच, थोड्या दिवसांच्या मुदतीत भरायचा असतो. प्रवेशाचा निकाल लागतो तो मार्चच्या उत्तरार्धात.

याचा अर्थ असा की ज्या दिवशी भाचीच्या हातात प्रवेशपत्र पडेल, त्या दिवशी शिष्यवृत्तीची मुदत संपून महिना उलटलेला असेल. निरोपातला सल्ला अक्षरशः पाळणाऱ्या मुलाला प्रवेश मिळेल, पण पूर्ण शुल्क भरण्याची ऐपत नसल्याने तो सोडून द्यावा लागेल, आणि आपली चूक कुठे झाली हेही त्याला कळणार नाही, कारण त्याच्या मते त्याने सगळे क्रमाने केलेले असते.

याच ठिकाणी आणखी एक अडचण आहे, जी मुले फार उशिरा ओळखतात. स्वीडनच्या त्या सामाईक अर्जात पदव्युत्तर स्तरावर जास्तीत जास्त चार अभ्यासक्रम निवडता येतात आणि त्यांना पसंतीक्रम द्यावा लागतो. लुंडची शिष्यवृत्ती त्यांनाच मागता येते ज्यांनी आपल्या पसंतीक्रमात लुंडला पहिले स्थान दिले आहे. उप्साला आणि स्टॉकहोमची केटीएच या विद्यापीठांचीही अशीच अट आहे. त्यामुळे कोणी केटीएच पहिले, लुंड दुसरे असे लिहिले, तर लुंडची शिष्यवृत्ती त्याच्यासाठी जानेवारीतच संपली, मग गुण कितीही असोत. पसंतीक्रम भरणे म्हणजे एका अर्थाने कोणत्या विद्यापीठाकडे पैसे मागायचे ते ठरवणे, आणि तो निर्णय अर्जाच्या मुदतीपूर्वीच घ्यावा लागतो. भाचीने म्हणूनच आधी शिष्यवृत्तीची पाने वाचावीत आणि मग अभ्यासक्रमांचा क्रम लावावा, असे मी तिला सांगितले आहे.

स्वीडनचा अपवाद असेल, असे कोणी म्हणेल. ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन शिष्यवृत्तीचे पाहा. तिच्यासाठी वेगळा अर्जच नसतो. डिसेंबर किंवा जानेवारीत, आपापल्या अभ्यासक्रमाची जी मुदत असेल तिच्या आत पदव्युत्तर प्रवेशाचा अर्ज आला, की त्या अर्जाचा शिष्यवृत्तीसाठीही आपोआप विचार होतो. ज्या अभ्यासक्रमांत जागा शिल्लक असल्याने नंतरही अर्ज घेतले जातात, त्यांत मार्चमध्ये अर्ज केल्यास प्रवेश मिळू शकतो, पण क्लॅरेंडनचा दरवाजा बंद झालेला असतो. अशा विद्यापीठांत दोन वेगळ्या तारखा असतात. एक म्हणजे अर्ज स्वीकारण्याची शेवटची तारीख, आणि दुसरी, तिच्या आधीची, पैशांसाठी विचार होण्याची. पालकांना बहुधा पहिलीच सांगितली जाते. झ्युरिकच्या ईटीएचची एक्सलन्स शिष्यवृत्तीही पदव्युत्तर प्रवेशाच्या अर्जासोबतच मागावी लागते, नंतर नाही.

आता जे थोडे खरे आहे तेही मान्य करतो. हा क्रम कोणी मनानेच रचलेला नाही. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, जी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, ती घेताना विद्यापीठाचे विनाअट प्रवेशपत्र खरोखरच आधी लागते. केंद्र सरकारच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीतही प्रवेशपत्राला असेच महत्त्व आहे. आपल्या भागातील अनेक मुले याच योजनांतून गेली आहेत आणि त्यांनी आपल्या अनुभवाप्रमाणे सांगितलेले बरोबरच आहे. ब्रिटनमध्येही ब्रिटिश कौन्सिल आणि विद्यापीठे मिळून देतात त्या ग्रेट शिष्यवृत्तीसारख्या ठिकाणी आधी ऑफर लागते. परंतु सरकारच्या पैशांचा नियम विद्यापीठाच्या पैशांना लावणे ही गफलत आहे. शासनाला खात्री हवी असते की विद्यार्थ्याला प्रवेश मिळाला आहे. विद्यापीठ मात्र प्रवेशासाठी आलेल्या अर्जांमधूनच आपल्याला कोण हवे ते निवडते, म्हणून तो निर्णय प्रवेशाच्या निर्णयासोबत किंवा त्याआधीच सुरू होतो. जेथे ऑफर आधी लागते तेथेही शिष्यवृत्तीची मुदत पाहून ऑफर मिळण्यासाठीचे आठवडे मागे मोजावे लागतात, त्यामुळे «निवांत» हा शब्द तिथेही बसत नाही.

परत जाणाऱ्या कोट्यवधी रुपयांचे काय? क्लॅरेंडनच्या नव्या शिष्यवृत्त्या दरवर्षी दोनशेहून थोड्या अधिक असतात आणि ऑक्सफर्डकडे पदव्युत्तर अर्ज तीस हजारांहून अधिक येतात. या आकड्यांपुढे अर्ज न आल्याने पैसे पडून राहतात असे म्हणणे हास्यास्पद आहे. उलट, प्रवेश मिळालेल्या अनेक मुलांना काहीच मिळत नाही, हे घरात आधी बोलून ठेवायला हवे, म्हणजे निकालाच्या दिवशी धक्का बसत नाही.

«शंभर टक्के» या शब्दाची फोड मात्र नीट करायला हवी, कारण इथे यंत्रमागधारकाचाही हिशेब चुकू शकतो. लुंडची शिष्यवृत्ती शिक्षणशुल्काच्या २५, ५०, ७५ किंवा १०० टक्के इतकी मिळते, आणि ती फक्त शिक्षणशुल्कासाठीच असते. विमानाचे तिकीट, विमा, घरभाडे, जेवण यांतले काहीही तिच्यात येत नाही. त्याशिवाय निवास परवान्यासाठी स्वीडनच्या स्थलांतर खात्याला राहण्याचा खर्च स्वतःच्या खात्यात दाखवावा लागतो. ही रक्कम दरमहा १०,००० क्रोनांहून अधिक, म्हणजे साधारण नव्वद हजार ते एक लाख रुपयांच्या घरात जाते. भाचीला पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली असे धरले, तरी वर्षभरासाठी काही लाख रुपये तिच्या स्वतःच्या नावे असावे लागतील. ५० टक्के मिळाली तर उरलेल्या शुल्काचा पहिला हप्ता परवान्याच्या आधी भरावा लागेल. ही तरतूद जूनमध्ये घाईने करायची की आतापासून, हे मेव्हण्यांनी आता ठरवायचे आहे. क्लॅरेंडनमध्ये शुल्कासोबत राहण्याचा भत्ताही मिळतो, पण सगळ्या विद्यापीठांचे तसे नाही. «फुल स्कॉलरशिप» असे लिहिलेले दिसले, तर त्याच पानावर ती कोणता खर्च देते आणि कोणता देत नाही, हे वाक्य शोधावे.

कन्सल्टन्सीच्या कोट्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. वर उल्लेखलेल्या शिष्यवृत्त्यांत असा कोटा नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देण्याचे वेगळे शुल्क कोणी मागत असेल, तर ते विद्यापीठाच्या पानावर लिहिलेले आहे का, एवढेच विचारावे.

भाचीसाठी तारखांवरून मागे येत जे ठरवले ते असे. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी अंतिम गुणपत्रिकेशिवायही अर्ज करू शकतो, मात्र तो शेवटच्या वर्षात आहे आणि त्याची पदवी केव्हा पूर्ण होईल, हे सांगणारे अधिकृत पत्र लागते. ते विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून किंवा कुलसचिव कार्यालयाकडून, सही-शिक्क्यासह घ्यावे, केवळ प्राचार्यांच्या पत्रावर विसंबू नये. या पत्रासाठी आणि आजवरच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिकांसाठी अर्ज दिवाळीच्या सुट्टीआधी जायला हवा, कारण सुट्टीनंतर सत्र परीक्षांचे काम सुरू झाले की तिथे आठवडे सहज निघून जातात. आयईएलटीएसमध्ये स्वीडनला एकूण ६.५ आणि प्रत्येक भागात किमान ५.५ लागतात, तेव्हा पहिली परीक्षा नोव्हेंबरमध्ये द्यावी, म्हणजे गरज पडल्यास डिसेंबरात दुसरी देता येईल. हेतुपत्र आणि पसंतीक्रम डिसेंबरअखेर पक्के व्हावेत. जानेवारीचा मध्य म्हणजे आपल्याकडे संक्रांत आणि सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेचे दिवस. त्या आठवड्यात घरी पाहुणे असतात, कार्यालयांना स्थानिक सुट्टी असते आणि एखादा कागद राहिला तर तो मिळवून देणारा माणूस जागेवर नसतो. म्हणून अर्ज ५ जानेवारीपर्यंत पाठवून टाकायचा, ९०० क्रोनांचे शुल्क त्याच दिवशी कार्डाने भरायचे, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी लुंडच्या पानावर जी अचूक तारीख येईल ती भाचीने आणि तिच्या वडिलांनी दोघांनीही आपापल्या फोनमध्ये नोंदवायची.