काकांची पंचाहत्तर आणि माझी ब्याण्णव

भाच्याने लंडनहून येताना स्कॉचची एक बाटली आणली, आणि आमच्या रिटायर्ड फौजी काकांनी चष्मा लावून लेबल वाचायला घेतलं. त्यावर नुसतं "४६%". काका म्हणाले, "हे टक्के आम्हाला सांगू नका, प्रूफ किती ते सांगा." त्यांचं सगळं आयुष्य कॅन्टीनच्या रमवर गेलेलं, आणि ती ७५ प्रूफ.

घरात कॉमर्सचा मी एकटाच, त्यामुळे नेटवर बघून ऐटीत सांगून टाकलं की टक्क्यांची दुप्पट करायची, म्हणजे ब्याण्णव प्रूफ!

काकांनी बाटली हळूच टेबलावर ठेवली, जणू पिन काढलेला हातबॉम्बच. "ब्याण्णव? पंचाहत्तरला आपला देशमुख गाणी म्हणायला लागतो." लगेच पेग तीसवर आला.

घोटाळा काकूंनी पकडला, त्याही चहा गाळता गाळता. म्हणाल्या, "अरे, मग ह्यांच्या रमची पण दुप्पट करून बघ ना." रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के, दुप्पट केली तर ८५.६, आणि लेबल म्हणतंय ७५! म्हणजे गणित बरोबर होतं पण देश चुकला होता, कारण दुप्पट हा हिशोब अमेरिकेचा आणि आपल्याकडचं प्रूफ इंग्रजांच्या काळातलं. त्यात १०० प्रूफ म्हणजे साधारण ५७ टक्के अल्कोहोल. जुनी गोष्ट अशी सांगतात की बंदुकीच्या दारूवर पिण्याची दारू ओतून काडी लावायची, पेटली तर माल अस्सल, फुसकी निघाली तर पाणी घातलेलं. हे ऐकून काका एकदम सावधान पोझिशनमध्ये. खुद्द इंग्रजांनी १९८० मध्ये हे प्रूफ सोडून टक्के धरले, म्हणून भाच्याच्या बाटलीवर प्रूफ नव्हतंच.

तर इंग्रजी प्रूफ काढायला टक्क्यांची पावणेदोनपट करायची. मी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत पाठीमागून काका, "दुप्पट ब्याण्णव, त्यातनं शेचाळीसचा पाव साडेअकरा वजा, साडेऐंशी." लहानपणी पावकी-निमकी पाठ केलेला माणूस!

रमचं पण जुळलं, पंचाहत्तरला एक दशांश कमी. मग रमच्या लेबलावर "२५ यू.पी." कशाला, तर शंभराच्या खाली पंचवीस, अंडर प्रूफ. भाचा इतकी वर्षं समजत होता की ती रम उत्तर प्रदेशातून येते.

म्हणजे स्कॉच रमपेक्षा फक्त साडेपाच प्रूफ वर, टक्क्यांत जेमतेम तीनच्या वर. पेग पुन्हा साठवर गेला. पण या भानगडीत ग्लासातला बर्फ विरघळून साठाचे एकशेवीस झाले होते. काकांनी ग्लास उजेडात धरला आणि म्हणाले, "आता ह्याचं काढ."

तेवीस टक्के, म्हणजे चाळीस प्रूफ. मी आकडा सांगितला तेव्हा काकू म्हणाल्या, "मग ह्यापेक्षा माझा चहा कडक आहे."