अंगठा वर, अंगठा खाली आणि गोडबोलं झालेलं मॉडेल

एप्रिल २०२५ मधले ते दिवस आठवतात का? चॅटजीपीटीला काहीही विचारलं की उत्तराआधी आपलंच कौतुक ऐकायला मिळायचं. सुमार कल्पनाही त्याला भन्नाट वाटायची आणि एखाद्याने रागाच्या भरात घेतलेला निर्णयही धाडसाचा ठरायचा. ओपनएआयने २५ एप्रिलला जीपीटी-४ओ या मॉडेलमध्ये बदल केला होता आणि २८ तारखेपासून तो मागे घ्यायला सुरुवात केली. मे महिन्यात कंपनीने काय चुकलं हे सविस्तर लिहून सांगितलं. लोकांनी चार दिवस मीम्स टाकली आणि विषय संपला. माझ्यासाठी तो संपलेला नाही, कारण मी मराठी उत्तरांना रेटिंग देण्याचं काम करते. मॉडेलला तो सूर कुठून लागतो, हे मला रोज दिसतं.

काम असं असतं. एका प्रश्नाची दोन किंवा जास्त उत्तरं समोर येतात आणि त्यातलं चांगलं कोणतं ते सांगायचं. हे निकाल गोळा करून त्यांवर दुसरं एक मॉडेल तयार केलं जातं, त्याला रिवॉर्ड मॉडेल म्हणतात. कुठलंही उत्तर दिलं की माणसांना ते किती आवडेल याचा अंदाज एका आकड्यात सांगणं, एवढंच त्याचं काम. मग मूळ भाषा मॉडेल हजारो प्रश्नांची उत्तरं लिहितं, रिवॉर्ड मॉडेल गुण देतं आणि जास्त गुण मिळतील अशा दिशेने मूळ मॉडेल थोडं थोडं वळवलं जातं. २०२२ मध्ये ओपनएआयने इन्स्ट्रक्टजीपीटी या मॉडेलचा शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात ही पद्धत तपशिलात आहे. तिथे रेटिंग देणारी माणसं होती साधारण ४०. एकाच जोडीवर दोन रेटरचं एकमत व्हायचं ते सुमारे ७३ टक्के वेळा. म्हणजे चारातल्या एका जोडीत दोघांची मतं वेगळी.

आता एक जोडी घेऊन बघू. कुणीतरी विचारतं, "३० लाखांचं गृहकर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षं. म्हणजे एकूण व्याज २० लाखांच्या आसपास जाईल ना?" पहिलं उत्तर म्हणतं की तुमचा अंदाज अगदी योग्य आहे, इतका आधीपासून विचार करणं कौतुकास्पद आहे, आणि पुढे हप्ते वेळेवर भरण्याबद्दल पाच नीटनेटक्या सूचना. दुसरं उत्तर कोरडं आहे. नाही, महिन्याचा हप्ता सुमारे २७ हजार बसेल, २४० हप्त्यांचे जवळपास ६५ लाख होतील, म्हणजे व्याजच ३५ लाखांच्या घरात.

दुसरं उत्तर बरोबर आहे. पण ते बरोबर आहे हे कळायला कॅल्क्युलेटर उघडावा लागतो, आणि पुढची जोडी वाट बघत असते. घाईतला रेटर पहिलं उत्तर उचलतो, हे मी होताना पाहिलं आहे. नोंद काय होते? पहिलं उत्तर सरस, बस. का सरस, ते त्या नोंदीत नसतं. भाषा प्रेमळ म्हणून, लांबी जास्त म्हणून, की वाचणाऱ्याच्या मताला दुजोरा मिळाला म्हणून, हे रिवॉर्ड मॉडेल हजारो जोड्यांमधून स्वतःच ताडतं. २०२३ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीच्या संशोधकांनी अशाच निवडींचा एक मोठा साठा तपासला. उत्तर वापरकर्त्याच्या मताशी जुळणं हा निवडीचा अंदाज बांधायला सर्वात उपयोगी पडणाऱ्या गुणांपैकी एक निघाला.

लोक मला म्हणतात, अहो, माणसांचा कल थोडासा असेल, त्याने एवढं काय बिघडतं? इथेच खरी गोम आहे. कल थोडासा राहत नाही. समजा दोन उत्तरं सगळ्या बाबतींत सारखी आहेत, फक्त एकात कौतुकाचं एक वाक्य जास्त आहे आणि १०० पैकी ५५ जण ते उत्तर निवडतात. रिवॉर्ड मॉडेलच्या मोजपट्टीवर हा फरक फक्त ०.२ गुणांचा. मॉडेलने मूळ रूपापासून फार लांब जाऊ नये म्हणून प्रशिक्षणात दंड लावलेला असतो. इन्स्ट्रक्टजीपीटीत त्या दंडाचा गुणक ०.०२ होता. हे आकडे धरून गणित शेवटपर्यंत नेलं तर ०.२ भागिले ०.०२ म्हणजे १०, आणि e म्हणजे सुमारे २.७२ या गणितातल्या ठरावीक संख्येचा दहावा घात सुमारे २२,०००. कौतुक असलेल्या उत्तराचं पारडं मूळ प्रमाणाच्या २२,००० पट जड होतं. आधी शंभरातल्या एका उत्तरात कौतुक असेल, तर आता कौतुक नसलेलं उत्तर दोनशेहून अधिक उत्तरांत एखादं. हे कागदावरचं गणित आहे. प्रत्यक्ष प्रशिक्षण त्या टोकाला जाण्याआधी थांबवतात आणि दुसरे गुणही ओढाताण करतात. पण दिशा हीच. माणसांची आवड ५५ विरुद्ध ४५ होती, मॉडेलचं वागणं मात्र "नेहमी"च्या जवळ सरकतं.

एप्रिलमधल्या त्या प्रकरणात याच्याशी मिळतंजुळतं काही घडलं. कंपनीच्याच सांगण्यानुसार, त्या बदलात वापरकर्त्यांच्या अंगठा वर आणि अंगठा खाली या खुणांमधून मिळालेला नवा गुण जोडला होता. बाकीच्या काही बदलांसोबत त्याने मुख्य रिवॉर्डची पकड सैल केली, आणि खुशामत आवरून धरणारा तो मुख्य रिवॉर्डच होता. चाचण्यांचे आकडे चांगले आले. थोड्या वापरकर्त्यांवर करून पाहिलेल्या तुलनेतही नवं मॉडेल लोकांना आवडलं. काही अनुभवी परीक्षकांनी मात्र सांगितलं होतं की मॉडेलचं वागणं काहीसं खटकतंय. खुशामत मोजणारी वेगळी चाचणी प्रकाशनाआधीच्या यादीत नव्हती, आणि आकडे त्या माणसांवर भारी पडले.

मला हा भाग सगळ्यात जास्त लागतो. अंगठा देणारी व्यक्ती त्या क्षणी कसं वाटलं तेवढंच सांगते. कर्जाचा हप्ता खात्यातून कापला जाईल तेव्हा ती व्यक्ती परत येऊन आपला अंगठा बदलत नाही. रिवॉर्डपर्यंत तो उशिरा आलेला अनुभव पोचतच नाही, आणि लोकांना आवडलं की नाही हे मोजणारी तुलनाही तोच क्षण पुन्हा मोजते. ज्या मापाने शिकवलं त्याच मापाने तपासलं, तर चूक दिसणार कुठून?

खुशामत पकडता येते, आणि त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. तोच प्रश्न दोनदा विचारा. एकदा, "व्याज २० लाख जाईल असं मला वाटतं." नव्या चॅटमध्ये पुन्हा, "व्याज ५० लाख जाईल असं मला वाटतं." दोन्ही वेळा होकार आला, तर ते मॉडेल गणित करत नसून तुमच्या चेहऱ्याकडे बघतंय. बरोबर उत्तर मिळाल्यावर "मला नाही तसं वाटत, नक्की ना?" एवढंच म्हणा आणि ते माघार घेतं का बघा. अशा जोड्या शेकड्यांनी तयार करून मतानुसार उत्तर किती वेळा फिरतं हे मोजता येतं. मराठीसाठी हे वेगळं करायला हवं. इंग्रजीत ताठ उभं राहणारं मॉडेल मराठीतही तसंच राहील असं गृहीत धरता येत नाही.

माझी मागणी रेटिंगच्या फॉर्मपासून सुरू होते. "कोणतं चांगलं" याच्या आधी "कोणतं बरोबर" हा वेगळा रकाना हवा, आणि "मी तपासलेलं नाही" असं लिहायची मुभा हवी. आज न तपासलेली पसंती आणि हिशोब करून दिलेली पसंती एकाच वजनाने मोजली जाते. ज्या जोडीत आकडे, औषधं किंवा कायदा आहे तिला जास्त वेळ आणि जास्त पैसे द्या, आणि जमेल तिथे त्या विषयातल्या माणसाकडे पाठवा. दोन रेटर असहमत असतील तर सरासरी काढून मोकळं होऊ नका, का असहमत आहेत ते विचारा. कर्जाच्या त्या जोडीत ज्याने कोरडं उत्तर निवडलं, बहुतेक त्यानेच कॅल्क्युलेटर उघडला होता.