बोगदा जोडलेला, तरी फाइल अडकते: एका आक्षेपाला उत्तर

*“तुम्ही वायरगार्ड व्हीपीएनच्या बोगद्याचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, १४१२ ठेवायला सांगता, पण तुमचं गणित चुकलंय. मी काहीही न बदलता आधी बोगद्यातून पिंग करून पाहिलं. `-s 1380` ला उत्तर येतं, `1381` ला नाही. म्हणजे मर्यादा १४०८ आहे, १४१२ नव्हे. शिवाय हँडशेक ताजा दिसतो, `dmesg` मध्ये एकही त्रुटी नाही. डीएनएस बदललं, लॅपटॉपची फायरवॉल बंद केली, कीपअलाइव्ह २५ ठेवला. फरक शून्य. मग दोष पॅकेटच्या आकाराचा कशावरून?”*

तुम्ही आकडे दिलेत म्हणून नेमकं उत्तर देता येतंय, त्याबद्दल मनापासून आभार. १३८० हा आकडा तुम्ही बरोबर मोजलाय, आणि १४१२ सुद्धा बरोबर आहे. दोन्ही एकाच वेळी खरे कसे, ते सांगतो.

तुमचा घरचा सर्व्हर फायबरच्या पीपीपीओई जोडणीवर आहे. पीपीपीओई आठ बाइट खातं, म्हणून १५०० ऐवजी १४९२ उरतात. घराला सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता नाही, त्यामुळे बोगदा आयपीव्ही६ वरून जातो आणि वायरगार्डचा बाहेरचा बोजा ८० बाइटचा होतो. १४९२ मधून ८० गेले की १४१२. वायरगार्ड आपण होऊन १४२० धरतं, कारण ते १५०० मधून ८० वजा करतं. वाटेतल्या पीपीपीओईची त्याला कल्पना नसते. आयपीव्ही४ वर बोजा ६० चाच असल्यामुळे तिथे १४२० सुद्धा बसलं असतं.

आता तुमचे १४०८. वायरगार्ड आतलं पॅकेट सोळाच्या पटीपर्यंत भरून घेतं, पण एमटीयूच्या पुढे जात नाही. `-s 1380` म्हणजे हेडरचे २८ धरून १४०८. तो सोळाचा पूर्ण पट आहे, त्यामुळे भर पडत नाही आणि बाहेर १४८८ चं पॅकेट निघतं. ते जातं. `1381` चं पॅकेट १४०९ चं. पुढचा पट १४२४, पण एमटीयू १४२० असल्याने भर १४२० वर थांबते. बाहेर निघतं १५०० चं पॅकेट, आणि ते १४९२ मध्ये मावत नाही. १४०९ ते १४१२ या आकारांची चाचणी एमटीयू १४२० असताना कधीच यशस्वी होणार नाही. एमटीयू १४१२ केल्यावर भर तिथेच थांबते आणि बाहेर बरोबर १४९२ निघतात. पहिली आज्ञा दोन्ही टोकांना चालवा, नाहीतर परतीचं उत्तर मोठं होऊन अडकू शकतं; मग लॅपटॉपवरून पिंग करा (`wg0` आणि पत्ता तुमच्याकडचा घाला):

```
sudo ip link set dev wg0 mtu 1412
ping -M do -s 1384 -c 3 10.8.0.1
```

आधी गप्प बसणारं १३८४ आता उत्तर देईल. उत्तर आलं नाही, तर मात्र वाटेत आणखी अरुंद टप्पा आहे आणि आकडा खाली आणावा लागेल. एक खूण लक्षात ठेवा: लॅपटॉपवरच “message too long” आलं, तर पॅकेट बाहेर पडलंच नाही. नुसती शांतता म्हणजे ते वाटेत कुठेतरी टाकलं गेलं.

हँडशेकवरून काही सिद्ध होत नाही, कारण त्याचे दोन निरोप १४८ आणि ९२ बाइटचे असतात. डीएनएसची चौकशीही सहसा छोटीच. कीपअलाइव्ह राउटरमधली नोंद जिवंत ठेवतो, मोठ्या पॅकेटला त्याचा उपयोग नाही. `dmesg` कोरं राहणं स्वाभाविक आहे: वायरगार्ड मुद्दाम शांत राहतं, आणि हरवलेलं पॅकेट त्याला कळायला मार्गच नसतो.

खरी गडबड परतीच्या निरोपात आहे. आयपीव्ही६ मध्ये वाटेतले राउटर पॅकेटचे तुकडे करत नाहीत. “पॅकेट फार मोठं” असा आयसीएमपीव्ही६ चा प्रकार क्रमांक २ चा निरोप पाठवून ते पॅकेट टाकून देतात. तो निरोप वाटेत कुणी अडवला की पाठवणाऱ्याला काहीच समजत नाही. तुम्ही लॅपटॉपची फायरवॉल उघडलीत, पण अडवणारी भिंत तिथे असेलच असं नाही. तो निरोप येतो का, हे इथे दिसेल (`wlan0` च्या जागी तुमचं कार्ड):

```
sudo tcpdump -ni wlan0 'icmp6 and ip6[40] == 2'
```

ही तपासणी एमटीयू पुन्हा १४२० वर नेऊन, दुसऱ्या खिडकीत मोठं पिंग चालू ठेवून करा. काहीच उमटलं नाही, तर निरोप तुमच्यापर्यंत पोचत नाही हे नक्की.

शेवटी `MTU = 1412` ही ओळ दोन्ही टोकांच्या `[Interface]` खाली लिहा. एकाच टोकाला लिहिली तरी त्या दोघांमधलं टीसीपी सुधारतं, कारण जोडणी सुरू होताना ते टोक आपली मर्यादा समोरच्याला कळवतं. यूडीपीत तशी सोय नाही. त्यामुळे फाइल उतरते, पण व्हिडिओ कॉल तुटतो, असं विचित्र चित्र दिसतं आणि माणूस पुन्हा डीएनएस बदलायला लागतो.