दूध, केळं, बदाम आणि आबांची झोप

"रात्री झोपताना ग्लासभर दूध, एक केळं आन् पाच बदाम. त्यातलं ट्रिप्टोफॅन थेट मेंदूत जातं आन् झोप आणतं. गोळ्यांची गरजच नाही!"

आमच्या गल्लीतल्या आबांनी हा मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, "तू बायोकेमिस्ट्री शिकवतोस ना, सांग बरं खरं का."

आबा, घोटाळा 'थेट' या शब्दात आहे. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक पडदा असतो. ट्रिप्टोफॅन म्हणजे प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल. त्याला त्यातून नेणारी वाहक प्रथिनं ठरावीक असतात, आणि त्याच गाडीने ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, फेनिलॲलानिन, टायरोसिन ही दुसरी अमिनो आम्लंही जातात. सणासुदीला सांगली स्टँडवर तासगावची एसटी लागते, तसलाच प्रकार. तुमच्या ग्लासात ट्रिप्टोफॅन साधारण 100 मिलिग्रॅम असतं, पण बाकीचे पाचजण मिळून दोन ग्रॅमच्या वर. दूध पिल्यावर रक्तात ट्रिप्टोफॅन वाढतं, पण गर्दी त्याहून जास्त वाढते. मेंदूत किती शिरणार, हे त्या प्रमाणावर ठरतं.

केळ्यातून मिळतं 10 मिलिग्रॅमच्या आसपास, पाच बदामांतून तेवढंच किंवा किंचित जास्त. केळ्यात सेरोटोनिन, म्हणजे झोपेशी संबंध असलेलं मेंदूतलं रसायन, तयारही असतं म्हणे. असतं, पण ते हा पडदा ओलांडतच नाही. मेंदूला आपलं सेरोटोनिन ट्रिप्टोफॅनपासून स्वतःच बनवावं लागतं. म्हणजे तुमचं सगळं मिळून झालं 120 च्या घरात. झोप लवकर लागली असं ज्या प्रयोगांत दिसलं, त्यांत बहुधा शुद्ध ट्रिप्टोफॅन एक ग्रॅम किंवा जास्त दिलं होतं, सोबत ती गर्दी नव्हती. तेवढं दुधातून घ्यायचं तर अडीच लिटर प्यावं लागेल, आणि गर्दीही तितक्याच पटीने आत येईल.

आता मेसेजच्या बाजूचं एक. फर्नस्ट्रॉम आणि वुर्टमन या संशोधकांनी 1970 च्या सुमारास उपाशी उंदरांना नुसतं पिठूळ-गोड खायला दिलं, तर मेंदूतलं ट्रिप्टोफॅन वाढलं. पिठूळ खाण्याने इन्सुलिन सुटतं, ते इतर पाचजणांना स्नायूंमध्ये ढकलतं. ट्रिप्टोफॅन बरंचसं रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेलं असल्याने रक्तातच राहतं, आणि गाडीत जागा होते. पण जेवणात थोडं जरी प्रथिन मिसळलं की हा फायदा विरतो. केळ्यावर दूध ओतलं की तेच होतं!

गोळीचं मात्र मेसेजवाल्यावर सोडू नका. झोपेच्या काही गोळ्या एकदम थांबवल्या तर झोप आणखी उडते, कधी झटकेही येतात. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायच्या.

गरम दुधाने बरं वाटतं, रोजची सवय म्हणून झोपेची चाहूलही लागते, ते मी नाकारत नाही. पण परवा तुम्हीच म्हणालात, हे सुरू केल्यापासून दोन वाजता लघवीला उठावं लागतंय. तो ग्लास आठ वाजता प्या, आणि मार्केट यार्डातला सहाचा चहा आठवडाभर सोडून बघा.